अपील फेटाळलं, आता काय? गोव्यातल्या कैद्याच्या घरच्यांसाठी रिव्ह्यू पिटिशन आणि त्यापुढचे अरुंद रस्ते

पर्वरीला हायकोर्टाच्या आवारात एक काकी भेटल्या. सत्तरीतून पहाटेची कदंब पकडून आल्या होत्या. हातात कपड्याच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, तिच्यात निकालाच्या झेरॉक्स आणि कोलवाळच्या जेलमधून आलेली मुलाची दोन पत्रं. त्यांचा प्रश्न एका वाक्याचा होता. "वकीलसाहेब, अपील गेलं, आता रिव्ह्यू घालायचा ना?"

लीगल एडच्या पॅनलवर काम करताना हा प्रश्न मला सतत येतो, आणि त्याचं उत्तर ताबडतोब देता येत नाही. आधी एक उलटा प्रश्न विचारावा लागतो: अपील फेटाळलं कोणत्या कोर्टानं? पुढचं सगळं त्यावर ठरतं.

आधी बघा, शेवटचा निकाल कुठला आहे

सेशन्स कोर्टानं किंवा अमली पदार्थांचे खटले चालवणाऱ्या एनडीपीएस कोर्टानं शिक्षा दिली आणि हायकोर्टानं अपील फेटाळलं, एवढ्यावरच प्रकरण असेल तर रिव्ह्यूचा विचार सोडून द्या. फौजदारी प्रकरणात हायकोर्टाला आपल्या सही झालेल्या निकालाचं पुनर्विलोकन करता येत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम 362 मध्ये होतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम 403 आहे. निकालात फक्त लेखनाची किंवा बेरजेची चूक दुरुस्त करता येते. दिवाणी दाव्यात हायकोर्टात रिव्ह्यू चालतो, म्हणून गावात जमिनीचा दावा लढलेला कोणीतरी असतोच जो सांगतो, "आमचा चालला होता." त्याचं खरं आहे, पण ते तुम्हाला लागू नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा, आणि त्याला रिव्ह्यू म्हणू नका. तुमच्या बाजूचं म्हणणं ऐकलंच गेलं नाही आणि वकील हजर नाही म्हणून अपील निकाली निघालं, तर निकाल मागे घेण्याचा अर्ज करता येतो. त्याला रिकॉल म्हणतात. फौजदारी अपील गैरहजेरीमुळे फेटाळायचं नसतं, रेकॉर्ड बघून गुणवत्तेवर ठरवायचं असतं, हे सुप्रीम कोर्टानं 1996 मध्ये बानी सिंग प्रकरणात स्पष्ट केलं आहे. पण निकाल वीस पानी असेल आणि त्यात साक्षीपुराव्याची चर्चा असेल, तर हा रस्ता तुमचा नाही.

मग हायकोर्टानंतर रस्ता कुठला? सुप्रीम कोर्टात विशेष परवानगी अर्ज, म्हणजे एसएलपी. त्याला हायकोर्टाच्या निकालापासून 90 दिवस मिळतात. कैदी जेलमधूनही तो पाठवू शकतो. अधीक्षकांमार्फत गेलेल्या अर्जाला जेल पिटिशन म्हणतात. हायकोर्टानं सेशन्सची निर्दोष मुक्तता उलटवून जन्मठेप किंवा दहा वर्षं अथवा त्याहून जास्त शिक्षा दिली असेल, तर परवानगी मागावीच लागत नाही, थेट अपिलाचा हक्क आहे. हा हक्क माहीत नसल्यानं साधी एसएलपी केलेली प्रकरणं मी पाहिली आहेत.

त्या काकींच्या पिशवीतले कागद उलगडले तेव्हा कळलं की त्यांचं प्रकरण याच्याही पुढे गेलं होतं. दिल्लीत परवानगी मिळाली होती, अपील दाखल होऊन सुनावणी झाली होती, आणि ते फेटाळलं गेलं होतं. म्हणजे रिव्ह्यूचा प्रश्न खरोखरच होता. इथून पुढचं सगळं अशा प्रकरणाबद्दल आहे.

तीस दिवस, आणि चवथीनंतरचे नव्हेत

सुप्रीम कोर्टाला आपला निकाल पुन्हा पाहण्याचा अधिकार घटनेच्या अनुच्छेद 137 नं दिला आहे. त्याची पद्धत सुप्रीम कोर्ट नियमावली 2013 च्या सत्तेचाळिसाव्या आदेशात आहे. मुदत निकालाच्या तारखेपासून 30 दिवस. निकाल 12 ऑगस्टला लागला तर शेवटचा दिवस 11 सप्टेंबर. आपल्याकडे नेमके तेच चवथीचे दिवस. "माटोळी उतरली की बघू" म्हणून थांबलेले लोक सप्टेंबरच्या अखेरीस येतात, आणि मग आम्हाला उशीर माफ करण्याचा वेगळा अर्ज जोडावा लागतो. कैदी जेलमध्ये आहे, निकालाची प्रत त्याला उशिरा मिळाली, ही कारणं ऐकली जातात. पण ती दाखवायला कागद लागतो. जेलच्या नोंदवहीत प्रत कोणत्या तारखेला हाती दिली ते लिहिलेलं असतं. त्याचा दाखला अधीक्षकांकडून मागून घ्या.

निकालाची वाट पत्रानं बघू नका. sci.gov.in वर डायरी नंबर किंवा केस नंबर घातला की निकाल मिळतो. पहिल्या पानावर दोन गोष्टी शोधा. परवानगी देऊन अपील ऐकलं आणि मग फेटाळलं, की परवानगीच नाकारली? परवानगीच नाकारली असेल तर निकाल बहुतेक वेळा एका ओळीचा असतो, आणि त्या एका ओळीत चूक दाखवायला जागाच उरत नाही. तांत्रिकदृष्ट्या रिव्ह्यू तिथेही करता येतो. आशा मात्र आणखी बारीक होते.

अर्ज कोण करणार

सुप्रीम कोर्टात कागद दाखल करण्याचा अधिकार वकिलांपैकी फक्त अॅडव्होकेट ऑन रेकॉर्डला असतो. पणजीचा किंवा मडगावचा तुमचा वकील कितीही जाणता असला तरी त्याला दिल्लीतल्या अशा वकिलामार्फतच जावं लागतं. रिव्ह्यूच्या बाबतीत यात आणखी एक खोच आहे. अपिलात जो अॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड होता, त्याच्याच सहीनं रिव्ह्यू जावा अशी अपेक्षा असते. हरल्यावर वकील बदलून नव्या तोंडानं तेच मुद्दे मांडण्याची सवय सुप्रीम कोर्टानं 1997 मध्ये कडक शब्दांत फटकारली. म्हणून नवा वकील घेणार असाल तर जुन्याकडून ना-हरकत पत्र आधी घ्या. त्याची फी थकली असेल तर हे पत्र अडतं, आणि तीस दिवसांतले दहा तिथेच जातात.

पैसे नसतील तर वकील मोफत मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 प्रमाणे कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्न न बघता हा हक्क आहे. कैद्यानं कोलवाळच्या जेलमधल्या विधी सहाय्य केंद्रात अर्ज दिला की तो गोवा राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडून दिल्लीच्या सुप्रीम कोर्ट विधी सेवा समितीकडे जातो. या प्रवासाला वेळ लागतो. म्हणून निकाल कळल्याच्या दिवशीच अर्ज द्यावा, आणि त्यात "रिव्ह्यूची मुदत अमुक तारखेला संपते" हे वाक्य ठळक लिहावं. वकालतनाम्यावर कैद्याची सही अधीक्षकांसमोर होते आणि ते ती साक्षांकित करतात. घरच्यांनी परस्पर सही करून पाठवलेला वकालतनामा परत येतो.

अर्जासोबत वकिलाचं एक प्रमाणपत्र लागतं: हा पहिलाच रिव्ह्यू आहे, आणि नियमात बसणाऱ्या कारणावरच केलेला आहे. चांगला वकील या प्रमाणपत्रावर सही करायला का कू करतो, तेव्हा त्याचा राग धरू नका. तो तुम्हाला काहीतरी सांगत असतो.

कारण एकच, आणि ते कागदावर दिसलं पाहिजे

फौजदारी प्रकरणात रिव्ह्यूला नियमानं एकच कारण दिलं आहे: रेकॉर्डवर उघड दिसणारी चूक. "उघड" या शब्दावर सगळा खेळ आहे. जी चूक दाखवायला दहा मिनिटं युक्तिवाद लागतो, ती उघड नव्हे. निकालाच्या एका ओळीवर बोट ठेवायचं, दुसरं बोट रेकॉर्डमधल्या एका कागदावर ठेवायचं, आणि दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत हे कोणालाही दिसलं पाहिजे.

हे एका प्रकरणातून बघू. त्यातले आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण मांडणी अशीच असते. हरमलच्या बाजूला एका खोलीत छापा पडला. चरसची तीन पाकिटं मिळाली. खटला म्हापशाच्या एनडीपीएस कोर्टात चालला. दहा वर्षं सक्तमजुरी आणि एक लाख दंड, दंड न भरल्यास आणखी एक वर्ष. हायकोर्टानं शिक्षा कायम केली, सुप्रीम कोर्टानंही.

चरसच्या बाबतीत कायद्यानं दोन खुणा घातल्या आहेत. 100 ग्रॅमपर्यंत अल्प मात्रा. 1 किलोपेक्षा जास्त ती व्यावसायिक मात्रा, तिला किमान दहा आणि कमाल वीस वर्षं. मधल्या मात्रेला कमाल दहा वर्षं आहेत, किमान काहीच नाही. म्हणजे एक किलोच्या अलीकडे की पलीकडे, यावर माणसाची वर्षं ठरतात.

घरच्यांनी मुद्दे लिहून आणले होते. पंच फुटला. छाप्याला गावातला एकही माणूस साक्षीला नव्हता. राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागण्याचा कलम 50 चा हक्क झडतीआधी नीट सांगितला नाही. सगळे मुद्दे खटल्यात महत्त्वाचे होते. रिव्ह्यूत त्यातला एकही चालत नाही. पंच फुटला हे तिन्ही कोर्टांनी लिहिलं आणि तरी पोलिसांची साक्ष विश्वासार्ह मानली. ते मत तुम्हाला चुकीचं वाटेल, पण ते मत आहे, चूक नव्हे. कलम 50 अंगझडतीला लागू होतं, पिशवीच्या किंवा खोलीच्या झडतीला नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या आधीच्या निकालांतून ठरलेलं आहे. हा मुद्दा घातला तर न्यायाधीशांना पहिल्याच पानावर कळतं की अर्जदार अपीलच पुन्हा लढतो आहे.

मग पेन्सिल घेऊन पंचनामा वाचायला बसलो. वजनाचा तक्ता तिसऱ्या पानावर होता, दोन रकान्यांचा. वेष्टणासह वजन: 446, 352, 286. निव्वळ वजन: 412, 318, 254. पहिल्या रकान्याची बेरीज 1084 ग्रॅम, दुसऱ्याची 984. प्रयोगशाळेच्या अहवालातही निव्वळ वजन 984 च होतं, आणि तो अहवाल सरकार पक्षानंच दाखल केला होता. निकालात मात्र लिहिलं होतं, "एकूण 1084 ग्रॅम चरस जप्त झाला, सबब व्यावसायिक मात्रा." खालच्या कोर्टानं चुकीचा रकाना उचलला आणि तोच आकडा वर सरकत गेला.

इथे एक आक्षेप येणार, त्याची तयारी हवी. 2020 च्या हिरा सिंग निकालानं असं ठरवलं की अमली पदार्थात मिसळलेलं इतर द्रव्यही वजनात धरायचं. सरकारी वकील तो निकाल दाखवतील. पण तो मिसळलेल्या द्रव्याबद्दल आहे. बाहेरची प्लास्टिकची पिशवी आणि चिकटपट्टी चरसमध्ये मिसळलेली नसते.

असा मुद्दा एका परिच्छेदात मावतो, आणि तो अर्जाच्या पहिल्या पानावरच आला पाहिजे. तक्त्याचं पान आणि अहवालाचं पान जोडायचं, त्या ओळींवर खूण करायची. त्याच्याखाली पंच फुटल्याचा मुद्दा "असू दे" म्हणून घालायचा नाही. वकिलीच्या सुरुवातीला मी एक रिव्ह्यू 41 पानांचा लिहिला होता. चांगला मुद्दा एकोणतिसाव्या पानावर होता. तिथपर्यंत कोणी पोचलं असेल असं मला आज वाटत नाही.

मागणी काय करायची, हेही आधी ठरवा. वजनाच्या चुकीवरून सुटका मागू नका. 984 ग्रॅम चरससुद्धा गुन्हाच आहे. मागणी एवढीच: कलम आणि शिक्षा यापुरता निकाल मागे घ्यावा आणि तेवढ्या मुद्द्यावर अपील पुन्हा ऐकावं. घरच्यांना आणखी एक कटू गोष्ट सांगावी लागते. मधल्या मात्रेची कमाल शिक्षाही दहाच वर्षं आहे, म्हणजे चूक मान्य होऊनही कोर्ट तीच शिक्षा ठेवू शकतं. किमान दहाचं बंधन मात्र जातं, आणि भोगलेली वर्षं, आधीचा गुन्हा नसणं, या गोष्टींना मग वजन येतं.

हीच कसोटी तुमच्या निकालाला लावून बघा. कायद्यातल्या कमाल मर्यादेपेक्षा जास्त शिक्षा दिली आहे का? गुन्ह्याच्या तारखेनंतर वाढवलेली शिक्षा आधीच्या घटनेला लावली आहे का? निकाल ज्या साक्षीदाराच्या शब्दावर उभा आहे त्यानं जबानीत तसं म्हटलंच नाही, असं आहे का? यातलं काही सापडलं तर पुढे जा. नंतर दुसऱ्या प्रकरणात आरोपीच्या बाजूचा निकाल लागला, कायद्याचा अर्थ बदलला, एवढ्यावर तुमचा जुना निकाल चुकीचा ठरत नाही.

न्यायाधीशांच्या दालनात

अर्ज दाखल झाल्यावर तारीख कधी, असं सगळे विचारतात. बहुतेक वेळा तारीख नसतेच. रिव्ह्यू सर्क्युलेशननं जातो, म्हणजे फाईल न्यायाधीशांकडे फिरते, आणि शक्यतो ज्यांनी निकाल दिला त्यांच्याकडेच. ते दालनात वाचून ठरवतात. वकील उभा राहत नाही, नातेवाइकांना बसायला जागा नसते. खुल्या कोर्टात ऐकावं असा अर्ज सोबत जोडता येतो. तो क्वचित मान्य होतो. म्हणून दिल्लीची तिकिटं काढू नका, आणि "सुनावणीसाठी" म्हणून कोणी मोठी रक्कम मागितली तर कसली सुनावणी ते लेखी विचारा.

फाशीच्या शिक्षेला मात्र वेगळा नियम आहे. 2014 च्या मोहम्मद आरिफ निकालापासून फाशीच्या प्रकरणातला रिव्ह्यू तीन न्यायाधीशांपुढे खुल्या कोर्टात ऐकला जातो. त्यानं काय फरक पडतो ते आपल्या शेजारच्या राज्यात दिसलं. महाराष्ट्रातल्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टानं 2009 मध्ये सहाही आरोपींची फाशी पक्की केली होती. त्यातल्या तिघांची शिक्षा तर हायकोर्टानं जन्मठेपेवर आणली होती, ती वाढवून. रिव्ह्यू खुल्या कोर्टात ऐकला गेला, जुना निकाल मागे घेतला गेला, आणि 2019 मध्ये त्याच कोर्टानं सहाही जणांना निर्दोष सोडून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. ही गोष्ट मी काकींना सांगत नाही. खोटी आहे म्हणून नव्हे, तर ती ऐकली की माणूस बाकी काहीच ऐकत नाही.

रिव्ह्यू दाखल केल्यानं शिक्षा थांबत नाही. अपिलाच्या काळात कैदी जामिनावर असेल आणि निकालात शरण येण्याची मुदत दिली असेल, तर ती पाळावीच लागते. "रिव्ह्यू घातलाय, नंतर जाऊ" म्हणून घरी बसलेला माणूस फरार ठरतो, आणि मग पॅरोलच्या अर्जाला तीच नोंद आडवी येते.

आदेश बहुतेक वेळा दोन-तीन ओळींचा येतो: कागद पाहिले, उघड चूक आढळली नाही, अर्ज फेटाळला. त्याच प्रकरणात दुसरा रिव्ह्यू चालत नाही. नियमच तसा आहे. "पुन्हा घालू, बेंच बदललं आहे" असं कोणी म्हणालं तर तिथून उठा.

क्युरेटिव्ह: दार आहे, पण सुईच्या नेढ्याएवढं

2002 मध्ये रूपा हुर्रा प्रकरणात सुप्रीम कोर्टानं स्वतःच्या अंतिम निकालाविरुद्ध एक शेवटचा उपाय तयार केला. कारणं जवळजवळ दोनच. ज्याच्या विरोधात निकाल गेला त्याला ऐकलंच गेलं नाही. किंवा न्यायाधीशाचा प्रकरणाशी असा संबंध होता की पक्षपाताची रास्त शंका येते, आणि तो संबंध उघड केला गेला नाही. यासाठी वरिष्ठ वकिलाचं प्रमाणपत्र लागतं. हेच मुद्दे रिव्ह्यूत घेतले होते आणि तो सर्क्युलेशननं फेटाळला गेला, असंही लिहावं लागतं. म्हणजे क्युरेटिव्हचा पाया रिव्ह्यूतच घालावा लागतो. ठरावीक दिवसांची मुदत नाही, पण वाजवी वेळेत यावं लागतं. फाईल तीन सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीशांकडे आणि मूळ निकाल देणाऱ्यांपैकी जे उपलब्ध असतील त्यांच्याकडे जाते. त्यांना अर्ज निष्कारण त्रासाचा वाटला तर खर्चही बसवता येतो.

2025 मध्ये निठारी हत्याकांडातल्या एका खटल्यात क्युरेटिव्ह मान्य होऊन आरोपी सुटला. तिथे परिस्थितीच विलक्षण होती: तशाच पुराव्यावर उभ्या असलेल्या इतर खटल्यांत तो निर्दोष ठरला होता, आणि हा एकच निकाल उलट्या दिशेला उरला होता. आपल्या वजनाच्या चुकीचं प्रकरण रिव्ह्यूत पडलं तर क्युरेटिव्हमध्ये त्याला जागा मिळणं फार अवघड आहे. मी तरी त्यासाठी कोणाला कर्ज काढायला सांगणार नाही. अनुच्छेद 32 खाली रिट करून सुप्रीम कोर्टाचाच निकाल आव्हानित करता येत नाही, तेव्हा तोही रस्ता बंद.

जे क्युरेटिव्हनंतरही उरतं

एक उपाय असा आहे ज्याला कोणताही टप्पा आडवा येत नाही. गुन्ह्याच्या दिवशी कैद्याचं वय 18 पेक्षा कमी होतं, हा दावा बाल न्याय कायद्याच्या कलम 9 खाली कोणत्याही टप्प्यावर, अंतिम निकालानंतरही करता येतो. शाळेचा दाखला किंवा पंचायतीतला जन्म दाखला काढून तारीख नीट बघा. घरचे वय अंदाजानं सांगतात आणि पोलिसांच्या कागदावर "अंदाजे 19" लिहिलं जातं. मग पुढे कोणीच ते तपासत नाही.

दया अर्ज राज्यपालांकडे अनुच्छेद 161 खाली आणि राष्ट्रपतींकडे अनुच्छेद 72 खाली करता येतो. एनडीपीएस हा केंद्राचा कायदा, म्हणून अशा प्रकरणात राष्ट्रपतींकडे जावं. दया अर्जात पुराव्यावर वाद घालू नये. आजार, वय, घरची स्थिती, जेलमधली वागणूक, भोगलेली वर्षं हे कागदांसह लिहावं.

जेलमधल्या माफीबद्दल, म्हणजे रेमिशनबद्दल, एनडीपीएसच्या कैद्यांचा फार गैरसमज असतो. शेजारच्या बराकीतल्या कैद्याला महिन्याला काही दिवस कमी होतात, मला का नाही, असं ते पत्रात विचारतात. कारण त्या कायद्याचं कलम 32अ. त्यानं शिक्षेतली माफी बंद केली आहे. पण 2000 मध्ये दादू विरुद्ध महाराष्ट्र या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हे कलम पॅरोलच्या आड येत नाही. तेव्हा घरात कोणी गेलं, लग्न आहे, आजारपण आहे, तर पॅरोलचा अर्ज करावा आणि "एनडीपीएस आहे, मिळत नाही" एवढ्या तोंडी उत्तरावर परत येऊ नये. लेखी मागावं. जन्मठेपेच्या कैद्याचं गणित वेगळं. ज्या गुन्ह्याला फाशीचीही शिक्षा आहे त्यात किमान 14 वर्षं प्रत्यक्ष भोगल्याशिवाय मुदतपूर्व सुटकेचा विचार होत नाही.

आणि शेवटी, ज्याकडे कोणाचंच लक्ष नसतं ते. जेलमधून नॉमिनल रोल मागवा. त्यात शिक्षा कधी सुरू झाली, कच्चा कैदी म्हणून किती दिवस गेले, ते वजा धरले का, आणि सुटकेची तारीख काय, हे एका पानावर असतं. खटला चालू असतानाची कोठडी शिक्षेतून वजा होते, एनडीपीएसमध्येही. काकींच्या मुलाचे अटकेनंतरचे चार महिने, मधल्या काळात जामिनावर सुटण्याआधीचे, त्यात धरलेच नव्हते. रिव्ह्यूची फाईल दिल्लीत फिरत होती तेव्हा आम्ही रिमांडच्या आदेशांच्या प्रती काढून अधीक्षकांना साधा अर्ज दिला.

दंडाचंही तसंच. आपल्या उदाहरणात एक लाख दंड आहे आणि तो न भरल्यास एक वर्ष जास्त. दंड भरला की ते वर्ष जातं. काही भाग भरला तर त्या प्रमाणात कमी होतं. पन्नास हजार भरले तर साधारण सहा महिने. लोक दुसऱ्या रिव्ह्यूच्या नावाखाली तेवढे पैसे कोणाच्या तरी हाती देतात आणि दंड तसाच राहतो. दंड ज्या कोर्टानं शिक्षा दिली तिथे भरायचा, पावती घ्यायची, पावतीची प्रत अर्जासोबत जेलमध्ये देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. काकींनी ती पोच त्याच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली, निकालाच्या वर.